जमेकडे ७,५८० रुपये जास्त

हातानं खतावणी लिहिणाऱ्या संस्था महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत. ग्राहक भांडारं, सार्वजनिक वाचनालयं, गावातली घाऊक दुकानं. मार्च संपला की त्यांच्याकडे तेरीज काढायचं काम सुरू होतं. खतावणीतल्या प्रत्येक खात्याची वर्षअखेरची शिल्लक एका कागदावर उतरवायची, नावे शिल्लक एका रकान्यात आणि जमा शिल्लक दुसऱ्या रकान्यात. शेवटी दोन्ही रकान्यांच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. वर्षभरातला प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि तेवढ्याच रकमेनं दुसऱ्या खात्यात जमा पडलेला असतो, त्यामुळे सगळी खाती एकत्र मांडल्यावर कुठलीच बाजू जड व्हायला नको.

तालुक्याच्या गावातलं एक सहकारी ग्राहक भांडार उदाहरणासाठी घेऊ. धान्य, किराणा, शाळेच्या वह्या-पुस्तकं असा माल. गावातली दोन वसतिगृहं आणि काही शाळा उधारीवर माल नेतात. तिथल्या हिशेबनिसांनी एप्रिलमध्ये तेरीज मांडली. नावे बाजूची बेरीज आली २४,१८,६४० रुपये आणि जमा बाजूची २४,२६,२२० रुपये. म्हणजे जमेकडे ७,५८० रुपये जास्त. आकडे समजायला सोपे जावेत असे धरले आहेत आणि कराची बाजू बाजूला ठेवली आहे. बाकी घडतं ते असंच.

या ७,५८० रुपयांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. त्याआधी असा फरक मुळात पडतोच कसा, ते पाहायला हवं. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा हा नियम पाळणाऱ्या माणसाच्या हातून एकच बाजू लिहिली जाते कशी?

याचं उत्तर खतावणी लिहिण्याच्या पद्धतीत आहे. वहीवर काम करणारा माणूस व्यवहाराच्या दोन्ही बाजू एका वेळी लिहीत नाही. आधी व्यवहार रोकडवहीत, खरेदी वहीत किंवा खरेदी परत वहीत उतरतो. तिथून खतावणीत जाताना तो दुभंगतो. एका बाजूची नोंद त्या त्या व्यक्तीच्या खात्यात रोजच्या रोज, सुटी सुटी जाते. दुसरी बाजू महिनाअखेरीला एकगठ्ठा बेरजेनं जाते. या दोन कामांमध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर असू शकतं, आणि कधी कधी हात बदललेला असतो. रोजची खतावणी एकानं केली आणि महिन्याची बेरीज दुसऱ्यानं टाकायची होती, अशा जागी एक पाय सुटतो.

आपल्या भांडाराचंच पाहू. वसतिगृहाकडून ८,००० रुपये येणं होतं. पंधरा दिवसांच्या आत पैसे दिले म्हणून भांडारानं १६० रुपये सूट दिली आणि ७,८४० रुपये रोख घेतले. रोकडवहीच्या जमा झालेल्या पैशांच्या बाजूला दोन रकाने आहेत, एक रोख रकमेचा आणि एक सुटीचा. त्यात ७,८४० आणि १६० असे आकडे पडले. वसतिगृहाच्या खात्यात त्याच दिवशी पूर्ण ८,००० जमा झाले, कारण त्यांचं देणं आता उरलेलं नाही. रोख रकमेची नावे बाजू रोकडवहीतच आहे. राहिले सुटीचे १६० रुपये. सुटीचा रकाना हा केवळ टिपणाचा असतो, ते खातं नव्हे. महिनाभरात जितक्यांना सूट दिली त्यांची बेरीज करून ती खतावणीतल्या ‘दिलेली सूट’ या खात्यात नावे टाकायची असते. फेब्रुवारी महिन्यात ही बेरीज १,२८० रुपये होती. ती टाकायची राहून गेली. सगळ्या गिऱ्हाइकांच्या खात्यांत सूट जमा झालेली आहे, पण तिची नावे बाजू खतावणीत कुठेच नाही. नावे रकाना १,२८० रुपयांनी कमी पडला.

ही चूक हिशेबनिसांना तेरजेच्या दिवशी ठाऊक नसते. त्यांच्यासमोर असतो फक्त ७,५८० हा आकडा.

आधी शोध, मग सस्पेन्स

फरक दिसला की लगेच सस्पेन्स खातं उघडायची घाई करू नये. अनुभवी हिशेबनीस आधी कागदावरच्याच चुका पाहतात, कारण त्यातल्या बऱ्याचशा खतावणीत नसतातच. तेरजेच्या बेरजा खालून वर पुन्हा करायच्या. रोख आणि बँकेची शिल्लक तेरजेत आली आहे ना ते बघायचं. ही शिल्लक खतावणीत नसून रोकडवहीत असते, त्यामुळे खतावणीची पानं उलटत तेरीज उतरवणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते. येणेकऱ्यांची आणि देणेकऱ्यांची यादी वेगळी केलेली असेल तर तिची बेरीज तपासायची. एखादी जमा शिल्लक चुकून नावे रकान्यात तर बसली नाही ना, हेही पाहायचं. त्यानंतर एक पान संपून दुसऱ्या पानावर पुढे ओढलेल्या शिलका.

एवढं करूनही फरक तसाच राहिला, तर आकड्यालाच विचारायचं. याच्या तीन जुन्या रीती आहेत. पहिली, फरकाएवढीच रक्कम शोधायची. ७,५८० ची एखादी नोंद मूळ वहीत आहे आणि खतावणीत एकाच ठिकाणी गेली आहे, असं असेल तर ती लगेच सापडते. दुसरी, फरकाची निम्मी रक्कम शोधायची. नावे टाकायची रक्कम जमेकडे पडली, तर एका बाजूला ती कमी होते आणि दुसऱ्या बाजूला वाढते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. तिसरी, फरकाला नऊनं भाग जातो का ते पाहायचं. शेजारशेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, म्हणजे ५४ च्या जागी ४५, तर येणाऱ्या फरकाला नेहमी नऊनं भाग जातो. दशकाच्या अंकाची किंमत दहापट आणि एककाची एकपट असते, जागा बदलल्या की प्रत्येक अंकामागे नऊपट फरक पडतो, इतकं साधं त्याचं कारण आहे. एखादं शून्य जास्त किंवा कमी पडलं, ४,५०० चे ४५० झाले, तरी फरक ४,०५० येतो आणि त्यालाही नऊनं भाग जातो.

आपल्या भांडारात या तिन्ही रीती चालल्या नाहीत. ७,५८० ची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. निम्मे ३,७९०, तीही नव्हती. नऊनं भाग जात नव्हता. असं झालं की एक गोष्ट जवळजवळ धरून चालावी. चूक एक नाही, एकाहून जास्त आहेत, आणि समोरचा आकडा त्यांची गोळाबेरीज आहे. या तिन्ही रीती एकट्या चुकीसाठी आहेत. दोन चुका एकमेकींत मिसळल्या की आकड्याचा चेहरा ओळखू येईनासा होतो.

मग उरतो लांबचा रस्ता. महिना घ्यायचा, मूळ वहीतली एकेक नोंद वाचायची, खतावणीतल्या खात्यात ती त्याच रकमेनं आणि योग्य बाजूला आहे का पाहायचं आणि दोन्हीकडे पेन्सिलीनं टिक मारायची. शेवटी टिक न लागलेल्या नोंदी शोधायच्या. हे काम दोघांनी करावं, एकानं वाचावं आणि दुसऱ्यानं बघावं. ज्यानं वर्षभर खतावणी केली त्यानंच वाचलं आणि त्यानंच तपासलं, तर डोळा तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून पुढे जातो.

या कामाला वेळ लागतो, आणि दरम्यान पुढची कामं थांबत नाहीत. लेखापरीक्षण व्हायचं असतं. सहकारी संस्थेला वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिच्यापुढे ताळेबंद ठेवावा लागतो. म्हणून शोध चालू ठेवून तेरीज तात्पुरती जुळवायची सोय लागते. सस्पेन्स खातं, पाठ्यपुस्तकात ज्याला निलंबन खातंही म्हणतात, ते यासाठी असतं. ज्या बाजूला रक्कम कमी पडते त्या बाजूला फरक मांडायचा. इथे नावे बाजू कमी आहे, म्हणून खतावणीत ‘सस्पेन्स खाते’ असं नवं पान उघडून त्यात ७,५८० रुपये नावे शिल्लक दाखवायची. दोन्ही बेरजा २४,२६,२२० होतात.

हे पान उघडताना आणखी एक गोष्ट करायला हवी, आणि तीच बहुतेक ठिकाणी राहते. पानाच्या डोक्यावर तारीख, तेरजेच्या दोन्ही मूळ बेरजा आणि आतापर्यंत काय काय तपासून झालं हे लिहून ठेवायचं. सहा महिन्यांनी हे पान वाचणारा दुसराच माणूस असू शकतो. त्याला ७,५८० हा नुसता आकडा मिळाला, तर त्याला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

सस्पेन्स हे नाव दुसऱ्या एका गोष्टीलाही देतात, त्या दोन्हींत गल्लत होऊ नये. भांडाराच्या बँक खात्यात कुणीतरी २,००० रुपये भरले आणि कोणी भरले ते कळत नाही, तेव्हाही ती रक्कम सस्पेन्स खात्यात जमा ठेवतात. पण तिथे दोन्ही बाजू पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या असतात, बँक खातं नावे आणि सस्पेन्स खातं जमा. कमतरता असते ती फक्त माहितीची. भरणाऱ्याचं नाव कळलं की रक्कम त्याच्या खात्यात हलवायची, काम झालं. आपल्या ७,५८० च्या मागे मात्र कुठलाच व्यवहार नाही. तो वहीतल्या उणिवेचा माग आहे.

दोन चुका, दोन नोंदी

हिशेबनीस आणि त्यांचे सहकारी मागच्या महिन्यांकडून सुरुवात करून टिका मारत गेले. फेब्रुवारीच्या रोकडवहीत सुटीच्या रकान्याखाली १,२८० ही बेरीज दिसली, तिच्यासमोर खातेपान क्रमांकाची जागा कोरी होती. खतावणी केली की मूळ वहीत खातेपान क्रमांक लिहायचा, हा नियम कटाक्षाने पाळलेला असेल तर एकांगी नोंद अशी कोऱ्या जागेवरून ओळखू येते. ‘दिलेली सूट’ खातं उघडून पाहिलं, तर जानेवारीनंतर एकदम मार्च होता.

आता दुरुस्ती. सस्पेन्स खातं उघडण्याच्या आधीच ही चूक सापडली असती, तर सूट खात्यात ‘फेब्रुवारीची राहिलेली बेरीज’ असा तपशील लिहून १,२८० नावे टाकले की झालं असतं. किर्दीत वेगळी नोंद लागली नसती. व्यवहाराचा दुसरा पाय गिऱ्हाइकांच्या खात्यांत आधीच बरोबर उभा आहे, सुटलेला तेवढा लिहायचा. पण एकदा सस्पेन्स खातं उघडलं की हा मार्ग बंद होतो. नुसती एकांगी दुरुस्ती केली तर तेरीज पुन्हा बिघडेल, कारण या सुटलेल्या पायाच्या जागी सस्पेन्स खातं उभं केलेलं आहे. म्हणून किर्दीत पूर्ण, दोन पायांची नोंद करायची:

सूट खाते नावे १,२८०
सस्पेन्स खाते जमा १,२८०
(फेब्रुवारीच्या दिलेल्या सुटीची बेरीज रोकडवहीतून खतावायची राहिली, ती दुरुस्त केली.)

कंसातला तपशील नोंदीइतकाच महत्त्वाचा आहे. लेखापरीक्षक तोच वाचतात आणि त्यावरून मूळ पानापर्यंत जातात.

सस्पेन्स खात्यात आता ६,३०० रुपये नावे उरले. आणि इथे आकडा पुन्हा बोलू लागतो. एक चूक बाजूला काढल्यावर उरलेली रक्कम कदाचित एकट्या चुकीची असेल, म्हणून मघाच्या तिन्ही रीती नव्याने लावायच्या. ६,३०० ची नोंद सापडली नाही. निम्मे केले तर ३,१५०. नऊनं भागलं तर ७००, म्हणजे भाग जातो. दोन वाटा समोर आल्या. नऊची वाट खरी असेल, तर कुठेतरी हजार आणि शतकाचे अंक उलटे पडले असतील, ८,१०० च्या जागी १,८०० किंवा ९,२०० च्या जागी २,९००. निम्म्याची वाट खरी असेल, तर ३,१५० रुपये चुकीच्या बाजूला गेले असतील. नऊनं भाग जाणं हा पुरावा नव्हे. कुठल्याही नऊ रकमांपैकी सरासरी एकीला नऊनं भाग जातोच. अंक उलटे झाल्याची शक्यता त्यातून फक्त कळते. म्हणून आधी सोपं काम करायचं, ३,१५० ही रक्कम शोधायची.

ती सापडली नोव्हेंबरच्या खरेदी परत वहीत. वह्यांच्या एका पुरवठादाराकडून आलेल्या मालातल्या काही वह्यांची बांधणी सुटलेली होती, तो ३,१५० रुपयांचा माल भांडारानं परत पाठवला होता. महिनाअखेरीची बेरीज खरेदी परत खात्यात जमेला बरोबर गेली होती. पण पुरवठादाराच्या खात्यात ३,१५० नावे पडायला हवे होते, ते पडले जमेकडे.

असं होण्याचं कारणही ओळखीचं आहे. पुरवठादाराच्या खात्यात खरेदी वहीतून माल आला की जमा पडतो, आणि वर्षभर त्या पानावर बहुतेक नोंदी जमेच्याच असतात. हाताला त्या बाजूची सवय लागते. परत गेलेल्या मालाची नोंद क्वचित येते आणि तीही सवयीनं जमेकडे जाते. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या मालाचं हेच उलट बाजूनं होतं. म्हणून चुकीच्या बाजूच्या नोंदी शोधताना परत मालाच्या वह्या आधी उघडाव्यात.

दुरुस्ती किती रकमेची? बरेच शिकाऊ इथे ३,१५० लिहितात. पुरवठादाराच्या खात्यात ३,१५० नावे टाकले, तर आधीचे चुकीचे ३,१५० जमा फक्त रद्द होतात. माल परत गेल्याची मूळ नोंद तरीही झालेली नसते. ३,१५० चूक पुसायला आणि ३,१५० खरी नोंद करायला, असे मिळून ६,३०० लागतात:

पुरवठादाराचे खाते नावे ६,३००
सस्पेन्स खाते जमा ६,३००
(नोव्हेंबरमध्ये परत केलेला ३,१५० रुपयांचा माल खात्यात नावे टाकण्याऐवजी जमा पडला होता, ती दुरुस्ती.)

सस्पेन्स खात्यात नावे ७,५८०, जमा १,२८० आणि ६,३००. खातं शून्यावर आलं आणि बंद झालं.

शून्य आलं म्हणजे आपण लावलेला अर्थ बरोबर होता, एवढ्यावर थांबू नये. बाहेरचा पुरावा पाहावा. भांडाराच्या खतावणीप्रमाणे या पुरवठादाराला २१,४०० रुपये देणं दिसत होतं. त्याच्याकडून मागवलेल्या शिल्लक पुष्टीपत्रात त्याचं येणं होतं १५,१०० रुपये. फरक बरोबर ६,३००. हे पत्र एप्रिलमध्येच हाती असतं, तर टिका मारण्याचे कित्येक तास वाचले असते. देणेकरी आणि येणेकरी यांची पुष्टीपत्रं मागवणं हे लेखापरीक्षकांचं काम समजून हिशेबनीस ते त्यांच्यावर सोपवतात. सस्पेन्स शोधताना ती आधी हातात असावीत, असं माझं ठाम मत आहे. व्यक्तींच्या खात्यांतली एकांगी चूक समोरच्या माणसाच्या वहीत नसते, त्यामुळे दोन वह्या शेजारी ठेवल्या की ती लगेच दिसते.

ताळेबंदात ७,५८० कुठे बसले होते

चूक सापडण्याआधी ताळेबंद तयार झाला असता, तर काय दिसलं असतं? सस्पेन्सची नावे शिल्लक ७,५८० मालमत्तेच्या बाजूला गेली असती. सभासद तो कागद वाचताना रोख, माल, फर्निचर यांच्या रांगेत ‘सस्पेन्स खाते ७,५८०’ असं वाचतील, आणि ही भांडाराची काहीतरी मालमत्ता आहे असं त्यांना वाटेल. प्रत्यक्षात तिथे काहीच नाही.

दुसऱ्या बाजूला मग काय फुगलं होतं? पुरवठादाराचं देणं ६,३०० नं जास्त दाखवलं होतं. आणि सुटीचा १,२८० रुपये खर्च धरलाच नव्हता, म्हणून नफा १,२८० नं जास्त दिसत होता. ६,३०० आणि १,२८० मिळून ७,५८०. मालमत्तेच्या बाजूची पोकळ रक्कम या दोन फुगवट्यांना तोलून धरत होती. ताळेबंद जुळत होता आणि दोन्ही बाजूंनी चुकीचा होता.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. पुरवठादारानं हिशेब मागितला आणि भांडारानं आपल्या खतावणीवर विश्वास ठेवून २१,४०० चा धनादेश काढला, तर ६,३०० रुपये जास्त गेले. लाभांश नफ्यातून वाटायचा असतो, आणि नफ्यातले १,२८० मुळात नव्हते. यातली पहिली चूक नफ्याला हात लावत नाही, दुसरी लावते. हे वेगळं करता यावं म्हणून दुरुस्तीच्या दोन नोंदी एकत्र करून ‘सस्पेन्स जमा ७,५८०’ अशी एकच नोंद करू नये. प्रत्येक चुकीला तिची स्वतःची नोंद असावी.

रक्कम लहान असली तर

सस्पेन्स खात्यात थोडीच रक्कम उरली की ती नफा-तोटा खात्यात टाकून मोकळं व्हावं, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. पन्नास रुपयांसाठी किती दिवस घालवायचे, असं त्यामागचं म्हणणं. हे म्हणणं मला पटत नाही, कारण सस्पेन्सची शिल्लक लहान असणं आणि चूक लहान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, एका महिन्याचं ६,३०० रुपये भाडं रोकडवहीतून भाडे खात्यात नावे टाकायचं राहिलं, आणि एका शाळेकडून आलेले ६,२५० रुपये तिच्या खात्यात जमा करायचे राहिले. नावे बाजू ६,३०० नं कमी, जमा बाजू ६,२५० नं कमी. तेरजेत फरक दिसेल ५० रुपयांचा. ते पन्नास रुपये खर्ची टाकले, तर खर्च ६,२५० नं कमी दाखवला गेला आणि ज्या शाळेनं पैसे दिले तिला जूनमध्ये थकबाकीची नोटीस जाईल.

दोन्ही चुका बरोबर सारख्या रकमेच्या असत्या, तर फरक दिसलाच नसता आणि सस्पेन्स खातं उघडायची वेळही आली नसती. हीच तेरजेची मर्यादा आहे. आणखी कितीतरी चुका तिला दिसत नाहीत. कपाटाची दुरुस्ती करून घेतली आणि खर्च दुरुस्ती खात्याऐवजी फर्निचर खात्यात नावे टाकला, तर दोन्ही बाजू पूर्ण आहेत, खातं तेवढं चुकलं. एखादा व्यवहार मूळ वहीतच लिहिला नाही, तर तो दोन्हीकडे नाही. अशा चुका शोधताना सापडतातही, आणि इथे एक सापळा आहे. सस्पेन्सच्या शोधात असलेला माणूस सापडलेली प्रत्येक चूक सस्पेन्सला जोडू पाहतो. कपाटाची दुरुस्ती सापडली की दुरुस्ती खातं नावे आणि सस्पेन्स जमा अशी नोंद करून टाकतो. मग फर्निचर खातं चुकीचंच राहतं आणि सस्पेन्समध्ये नवीच खोट येते. म्हणून प्रत्येक चुकीला आधी विचारावं, हिच्यामुळे तेरीज बिघडली होती का? उत्तर ‘नाही’ असेल तर सस्पेन्स खात्याचा तिच्याशी संबंध नाही. तिची दुरुस्ती त्या दोन खात्यांतच करायची, इथे दुरुस्ती खातं नावे आणि फर्निचर खातं जमा.

नोंद उलटी लिहिली गेली तर ते कळायला वेळ लागत नाही. प्रत्येक नोंदीनंतर सस्पेन्सची शिल्लक काढावी. बहुतेक वेळा ती शून्याकडे सरकते. एखाद्या खऱ्या दुरुस्तीनं ती वाढूही शकते, वरच्या उदाहरणातल्या शाळेचे ६,२५० आधी दुरुस्त केले तर पन्नासाचे ६,३०० होतात आणि मग भाड्याची चूक नुसत्या आकड्यावरून सापडते. पण शिल्लक वाढली की आपण बाजू नीट लिहिली ना, हे मूळ वही उघडून लगेच पाहावं.

वर्ष उलटल्यावर सापडली तर

सस्पेन्सची शिल्लक ताळेबंदात तशीच ठेवून वर्ष बंद झालं आणि चुका पुढच्या वर्षी सापडल्या, तर दुरुस्ती थोडी बदलते. पुरवठादाराचं खातं वर्ष संपलं म्हणून संपत नाही, त्याची शिल्लक पुढे येते. म्हणून ६,३०० ची नोंद आहे तशीच करायची. सुटीचं खातं मात्र दर वर्षी नफा-तोटा खात्यात बंद होतं आणि नव्या वर्षी शून्यापासून सुरू होतं. मागच्या वर्षीची सूट या वर्षीच्या सूट खात्यात टाकली, तर या वर्षीचा खर्च उगीच वाढेल आणि दोन वर्षांची तुलना बिघडेल. म्हणून नफा-तोटा समायोजन खाते नावे १,२८० आणि सस्पेन्स खाते जमा १,२८० अशी नोंद करायची. मागील काळातल्या अशा बाबी वेगळ्या दाखवाव्यात, हेच लेखा मानक ५ मध्येही सांगितलेलं आहे.

संगणकावर काय होतं

आता पुष्कळ दुकानं टॅलीवर आहेत, आणि तिथे एकांगी नोंद होतच नाही असं समजलं जातं. रोजच्या व्हाउचरपुरतं ते खरं आहे. नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय व्हाउचर जतन होत नाही. पण खात्याची सुरुवातीची शिल्लक व्हाउचरनं येत नाही, ती खातं तयार करताना एकटीच लिहिली जाते. वहीवरून संगणकावर येताना पन्नास-साठ खात्यांच्या शिलका अशा एकेकट्या भरल्या जातात. एखादी राहिली किंवा नावेऐवजी जमेला गेली की तेरजेत आणि ताळेबंदात `Difference in opening balances` अशी ओळ येते. हा संगणकानं आपोआप मांडलेला सस्पेन्सच आहे.

ही ओळ जर्नल व्हाउचर करून जात नाही, कारण ते व्हाउचरही दोन्ही बाजूंनी सारखंच असतं आणि फरकाला हात लावत नाही. काही जण सस्पेन्स नावाचं खातं काढून त्याच्या सुरुवातीच्या शिलकेत फरकाची रक्कम लिहितात. ओळ नाहीशी होते, चूक राहते. खरा उपाय एकच. मागच्या वर्षीची शेवटची, सही झालेली तेरीज समोर घ्यायची, प्रत्येक खात्याची सुरुवातीची शिल्लक रक्कम आणि बाजू या दोन्हींसाठी तिच्याशी ताडून पाहायची, आणि जे खातं चुकलं असेल तेच उघडून तिथली शिल्लक बदलायची. निम्म्याची आणि नऊची रीत इथेही तितकीच लागू पडते. मालसाठ्याची सुरुवातीची किंमतही या ताडणीत घ्यावी. टॅलीत ती मालाच्या नोंदींतून वेगळी येते, आणि खात्यांच्या यादीवरून नजर फिरवणाऱ्याला ती दिसत नाही.